कीबोर्डचे दिवे लागतात पण अक्षर उमटत नाही: केबलच्या आतली गोष्ट

मध्यंतरी कीबोर्डसाठी स्वतःच कॉइल्ड म्हणजे गुंडाळीची केबल बनवायला घेतली. केबलचे दोन तुकडे जोडायला एव्हिएटर नावाचा गोल कनेक्टर आणला, वरून चढवायला पॅराकॉर्डची दोरी आणली, वायरसाठी म्हटलं नवीन कशाला, घरात टेबल लॅम्पबरोबर आलेली एक यूएसबी-सी केबल नुसती पडून आहे तीच कापू. ब्लेडने वरचं काळं रबर सोललं तर आत दोनच वायरी, एक लाल एक काळी. हिरवी नाही, पांढरी नाही, शील्डची जाळी तर नाहीच. बाहेरून बघितलं तर ती चांगल्या केबलपेक्षा जाड होती, टोकाला तेच सी प्लग, आणि आत डेटा जायला जागाच नाही.

यूएसबी २ च्या केबलीत चार वायरी लागतात. लाल म्हणजे ५ व्होल्ट, काळी म्हणजे ग्राउंड, आणि हिरवी-पांढरी ही डेटाची जोडी, डी प्लस आणि डी मायनस, एकमेकींना पीळ घातलेली. कीबोर्डला चारही लागतात. लॅम्पला दोन पुरतात. मग दोन वायरींची केबल कीबोर्डच्या सॉकेटमधे बसतेच कशी, हा प्रश्न पडला, आणि त्याचं उत्तर बरंच मागे जातं.

सुटी होणारी केबल ही काही आपल्या पिढीची आयडिया नाही. आयबीएमचा मॉडेल एम कीबोर्ड १९८५ च्या सुमारास आला तेव्हा त्याला गुंडाळीचीच केबल होती, जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरसारखी, आणि ती कीबोर्डच्या मागून काढता यायची. कॉइलचं काम अगदी साधं होतं, कीबोर्ड पुढे ओढला की वायर ताणते, मागे सरकवला की परत आखडते. सुटी ठेवण्यामागे पण हिशोब होता, कारण तोच कीबोर्ड वेगवेगळ्या मशिनांना जायचा, कुठे ५ पिनांचा मोठा गोल डिन प्लग, १९८७ नंतरच्या पीएस/२ मशिनांना ६ पिनांचा छोटा, म्हणजे कीबोर्ड तोच, केबल बदलली की झालं. पण कीबोर्डकडचं टोक एसडीएल नावाचं वेगळंच कनेक्टर होतं, त्यात दुसरी कुठलीही केबल बसायची नाही, त्यामुळे चुकीची लागायचा प्रश्नच नव्हता.

मग १९९६ ला यूएसबी आलं आणि गाडी उलट दिशेने गेली. त्या काळचे बहुतेक कीबोर्ड-माऊस लो-स्पीडवर चालायचे, सेकंदाला १.५ मेगाबिट, आणि स्टँडर्डमधे लिहिलंय की लो-स्पीडच्या डिव्हाइसची केबल डिव्हाइसलाच कायमची जोडलेली हवी. मला हा नियम फार आवडतो, कारण त्यामागचा विचार अगदी नेमका आहे. लो-स्पीडची केबल स्वस्त पडावी म्हणून तिच्या डेटा वायरींना पीळ घालायची सक्ती नव्हती. अशी केबल सुटी मिळाली असती तर कोणीतरी ती १२ मेगाबिटवाल्या डिव्हाइसला लावणार आणि सिग्नलची वाट लागणार. म्हणून सुटी केबल असेल तर ती पूर्ण वायरींची, पीळवाली, शील्डवालीच पाहिजे असं ठरलं. म्हणजे केबलच्या आत काय आहे हे बाहेरून कळत नाही ही अडचण त्यांनी तेव्हाच ओळखली होती.

आजचे बहुतेक कस्टम कीबोर्ड फुल-स्पीडवर म्हणजे १२ मेगाबिटवर चालतात त्यामुळे त्यांना सुटी केबल चालते. आधी मिनी यूएसबी होतं, मग मायक्रो (त्याचं सॉकेट बोर्डावरून उपटून यायचं, ज्यांनी भोगलंय त्यांना माहितीय), आणि २०१४ ला यूएसबी-सीचं स्टँडर्ड आल्यावर हळूहळू सगळे तिकडे गेले. आणि इथेच कीबोर्डचं सॉकेट आणि फोनचं सॉकेट एकच झालं. फोनच्या दुनियेतली केबल आता कीबोर्डमधे बसते, आणि फोनच्या दुनियेत चार्जिंगपुरती केबल ही केव्हाची रुळलेली होती.

ती कशी रुळली बघा. यूएसबीच्या मूळ नियमानुसार डिव्हाइसने ओळख पटेपर्यंत १०० मिलीअँप आणि कॉम्प्युटरने परवानगी दिल्यावर ५०० मिलीअँपपर्यंतच करंट घ्यायचा. भिंतीवरच्या चार्जरमधे परवानगी द्यायला कोणी नाही. मग २००७ ला बॅटरी चार्जिंगचं वेगळं स्टँडर्ड आलं, त्यात अशी खूण ठरली की चार्जरने आतल्या आत डी प्लस आणि डी मायनस एकमेकांना जोडून टाकायचे, फोनला ते शॉर्ट दिसलं की तो समजतो हा निव्वळ चार्जर आहे, आणि बिनधास्त जास्त करंट ओढतो. मग केबल बनवणाऱ्यांनी तीच खूण केबलमधे आणली. डेटाच्या वायरी टाकायच्याच नाहीत आणि फोनकडच्या प्लगमधे दोन डेटा पिना एकमेकींना जोडायच्या, म्हणजे ती केबल कुठेही लावा, फोनला चार्जरच वाटतो. काही लोक मुद्दाम अशा घेतात, अनोळखी पोर्टवर चार्ज करताना डेटा जाऊ नये म्हणून, आणि ते कारण योग्यच आहे. लॅम्प, पंखे, इअरबड्स यांच्याबरोबर येतात त्यात तर शॉर्टची पण गरज नाही, दोन वायरींचं तांबं वाचलं एवढंच.

अशी केबल कीबोर्डला लावली की दिवे झगमगतात आणि एक अक्षर उमटत नाही, आणि माणूस कीबोर्ड मेला म्हणून स्विच, फर्मवेअर सगळं खोलून बसतो. त्याची काहीच गरज नाही, कारण कॉम्प्युटरकडे बघूनच निम्मं कळतं. फुल-स्पीड कीबोर्ड डी प्लस वायर १.५ किलो-ओहमच्या रेझिस्टरने वर ओढतो, आणि काहीतरी जोडलं गेलंय हे कॉम्प्युटरला फक्त त्यावरून कळतं. ती वायरच नसेल तर कॉम्प्युटरच्या दृष्टीने काही जोडलेलंच नाही, त्यामुळे एररसुद्धा येत नाही, पूर्ण शांतता. लिनक्सवर हे चालू ठेवून केबल लावून बघा:

```
sudo dmesg -w
```

एकही नवीन ओळ आली नाही आणि दिवे मात्र लागले, तर केबल चार्जिंगची आहे किंवा डी प्लस कुठेतरी तुटलाय. याउलट `device descriptor read/64, error -71` अशा ओळी आल्या, किंवा विंडोजवर `USB device not recognized` आलं, तर कॉम्प्युटरला कीबोर्डची चाहूल लागलीय पण बोलणं होत नाहीये. हाताने सोल्डर केलेल्या केबलीत याचं नेहमीचं कारण म्हणजे डी मायनसचा टाका सुटलेला, नाहीतर हिरवी-पांढरी अदलाबदल झालेली.

आता एव्हिएटर. आपण ज्याला एव्हिएटर म्हणतो तो बहुतेक वेळा जीएक्स१६ असतो, इंडस्ट्रियल मशीन आणि मोजमापाच्या उपकरणांवर दिसणारा स्क्रूचा गोल कनेक्टर, १६ म्हणजे १६ मिलिमीटरचा. चार पिना किंवा पाच, यूएसबी २ ला चार पुरतात, पाचवी शील्डला. पण हा काही यूएसबीचा भाग नाही. कुठल्या पिनेवर कुठली वायर हे कोणी ठरवून दिलेलं नाही, प्रत्येक बनवणारा आपापल्या सवयीने लावतो. म्हणून एका सेटची कॉइल आणि दुसऱ्या सेटचा शेपटाचा तुकडा एकमेकांत स्क्रू होतील पण एकाच्या १ नंबरवर ५ व्होल्ट आणि दुसऱ्याच्या १ नंबरवर ग्राउंड असू शकतो. याने काय होतं त्याचं उदाहरण आहे, गूगलचा इंजिनियर बेन्सन लेउंग तेव्हा एकेक सी केबल विकत घेऊन तपासत होता, २०१६ च्या फेब्रुवारीत त्यातल्या एकीत पॉवर आणि ग्राउंड उलटे जोडलेले निघाले आणि त्याचा लॅपटॉप कामातून गेला. ती तर तयार केबल होती, इथे ती चूक आपणच हाताने घडवू शकतो.

दुसरी गोष्ट, यूएसबीच्या खऱ्या प्लगमधे पॉवर आणि ग्राउंडच्या पट्ट्या डेटाच्या पट्ट्यांपेक्षा लांब असतात, म्हणजे लावताना आधी पॉवर जुळते मग डेटा. जीएक्स१६ च्या पिना सगळ्या सारख्या लांबीच्या, कुठली आधी टेकेल काही भरवसा नाही. त्यामुळे कीबोर्ड बदलताना एव्हिएटर चालू लाइनीवर उघडायचा नाही, आधी कॉम्प्युटरकडचं टोक काढायचं. आणि कॉम्प्युटरकडच्या अर्ध्या भागाला भोकांची बाजू हवी, पिनांची नको, नाहीतर उघड्या पडलेल्या पिनांवर ५ व्होल्ट असतात आणि टेबलावरची एक टाचणी पुरते.

माझ्या केबलचं पुढे असं झालं की लॅम्पवाली फेकली आणि चार वायरींची शील्डवाली नवीन आणली. किती लागेल याचा अंदाज आधी चुकला होता. ६ मिलिमीटर जाडीची केबल १० मिलिमीटरच्या दांड्यावर गुंडाळली की एका वेढ्याला साधारण ५ सेंटिमीटर जाते, १५ सेंटिमीटरच्या कॉइलमधे २५ वेढे, म्हणजे सव्वा मीटर नुसत्या गुंडाळीत गेली. सरळ भाग धरून पावणेतीन मीटर झाली, म्हणून लाल-काळी वायर जाडसर, २४ गेजची घेतली. बारीक २८ गेजमधे एवढ्या लांबीला ५०० मिलीअँपवर अर्धा व्होल्टच्या वर वाटेतच गळतो आणि दिवे पूर्ण ब्राइटनेसवर गेले की कीबोर्ड मधेच रिसेट होऊ शकतो.

जोडायच्या आधी मल्टिमीटर बीपवर ठेवून एकेक वायर तपासली. कॉम्प्युटरकडच्या ए प्लगच्या चार पट्ट्यांत कडेच्या दोन पॉवरच्या, मधल्या दोन डेटाच्या. मधल्या पट्टीवर एक टोक, एव्हिएटरच्या पिनेवर दुसरं, पिनेशेजारी बारीक अक्षरात कोरलेला नंबर भिंगाखाली वाचायचा आणि लिहून ठेवायचा. मग मधल्या दोन पट्ट्यांवर मीटरची दोन टोकं टेकवून बघायची, तिथे बीप वाजला तर डेटा शॉर्ट आहे. माझ्याकडे १ वर लाल, २ वर पांढरी, ३ वर हिरवी, ४ वर काळी अशी निघाली, तेवढं एका चिठ्ठीवर लिहून दोन्ही तुकड्यांना हीटश्रिंकखाली गुंडाळून टाकलंय.