दोन चेहरे एकमेकांवर कसे बसवतात?

एका छायाचित्रातला चेहरा दुसऱ्यावर बसवायचा, तर दोन्हीकडे डोळे, नाक आणि तोंड नेमके कुठे आहे हे संगणकाला आधी ठरवावे लागते. dlib या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये यासाठी जी पद्धत वापरली जाते, ती स्टॉकहोममधील वाहिद काझेमी आणि जोसेफिन सलिव्हन यांनी 2014 मध्ये मांडली. dlib सोबत मिळणारे प्रचलित मॉडेल चेहऱ्यावर 68 बिंदू ठेवते. त्यांपैकी प्रत्येक डोळ्याभोवती 6, नाकावर 9 आणि तोंडावर 20 असतात.

आश्चर्य वाटेल, पण ही पद्धत डोळा शोधत नाही. चेहऱ्याभोवतीची चौकट मिळाली की तिच्यात सरासरी चेहऱ्याचे बिंदू मांडले जातात आणि मग ते टप्प्याटप्प्याने योग्य जागी सरकवले जातात. त्यासाठी निर्णयवृक्ष अगदी साधे प्रश्न विचारतात: या दोन पिक्सेलांच्या उजळपणातला फरक ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त आहे का? उत्तरानुसार सर्व बिंदू किंचित हलतात. केवळ फरक पाहिल्यामुळे संपूर्ण चित्र सारखेच उजळ किंवा मंद झाले तरी उत्तर बदलत नाही, आणि ही मला या पद्धतीतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

बिंदू मिळाले की जुळवणी हे भूमितीचे काम उरते. समजा, मूळ चेहऱ्यात डोळ्यांची केंद्रे (120, 150) आणि (200, 150) वर, तर लक्ष्य चेहऱ्यात (310, 240) आणि (390, 300) वर आहेत. डोळ्यांमधले अंतर 80 वरून 100 पिक्सेल झाले, म्हणजे चित्र 1.25 पट मोठे करायचे आणि सुमारे 37 अंशांनी फिरवायचे. मूळ चेहऱ्यातले नाकाचे टोक (160, 200) वर असेल, तर या हिशेबाने ते (312.5, 320) वर पोहोचते. प्रत्यक्षात दोनच बिंदूंवर विसंबून न राहता सर्व बिंदूंची एकूण चूक सर्वांत कमी होईल असे माप, कोन आणि सरकवणे निवडले जाते.

लक्ष्य चेहऱ्याचे नाक त्या जागेपासून पाच-सहा पिक्सेल दूर सापडले, तर तो दोन चेहऱ्यांच्या ठेवणीतला फरक समजता येतो. तेच अंतर चाळीस पिक्सेल निघाले, तर बहुधा एक मान बाजूला वळलेली आहे किंवा बिंदूच चुकले आहेत. बिंदू चित्रावर रेखाटून पाहिले की यांतले काय ते लगेच कळते, आणि ते पाहावेच लागते, कारण हे मॉडेल तोंड हाताने झाकलेले असले तरी 68 बिंदू देतेच. मान वळलेली असेल, तर फिरवून आणि मोठे करून भागत नाही. अशा वेळी बिंदूंमध्ये त्रिकोण आखून प्रत्येक त्रिकोण स्वतंत्रपणे ताणतात. मात्र मूळ चित्रात न दिसणारा गाल त्यानेही मिळत नाही.