मॅग्निफायर आणि स्केलिंग : चुकून लागलेले भिंग

स्क्रीनवर तयार झालेले चित्र ताणून मोठे दाखवणारी सोय म्हणजे मॅग्निफायर. ती मुळात अंधुक दिसणाऱ्यांसाठी केलेली आहे. विंडोज ९८ पासून ती विंडोजमध्ये आहे, आणि संपूर्ण स्क्रीनच मोठी करण्याची तिची पद्धत २००९ सालच्या विंडोज ७ मध्ये आली. ज्यांना तिची गरज आहे ते ती शोधून काढतात. बाकीच्यांची तिच्याशी भेट होते ती बोट चुकल्यामुळे. भेट झाली की पहिला समज एकच असतो: कॉम्प्युटर बिघडला.

बोट नेमके कुठे चुकते हे कीबोर्डच्या खालच्या ओळीकडे पाहिले की कळते. डाव्या कोपऱ्यात `Ctrl`, आणि तिच्या शेजारी, लॅपटॉपवर बहुधा एक `Fn` सोडून, खिडकीचे चित्र असलेली `Win`. ब्राउझरमधले पान मोठे करायला `Ctrl` आणि अधिकचे चिन्ह दाबायचे असते. चुकून `Win` आणि अधिक दाबले, तर पानाऐवजी अख्खी स्क्रीन एकदम दुप्पट होते. पुन्हा दाबले की तिप्पट. हे वाढत जाऊन १६०० टक्क्यांपर्यंत, म्हणजे सोळापटीपर्यंत पोहोचते.

नेरूळमधल्या एका सोसायटीच्या कार्यालयातला प्रसंग इथे उपयोगी पडेल. खजिनदार निवृत्त गृहस्थ. लॅपटॉपची स्क्रीन १९२० बाय १०८० पिक्सेलची आणि तिचे स्केलिंग, म्हणजे अक्षरे-बटणे किती मोठी काढायची ते प्रमाण, १२५ टक्क्यांवर. सहकार खात्याचे एक परिपत्रक त्यांनी ब्राउझरमध्ये उघडले, अक्षरे बारीक वाटली, म्हणून शिकवल्याप्रमाणे दोन कळा दाबल्या. एक कळ चुकली. घाबरून तीच जोडी पुन्हा दाबली आणि स्क्रीन ३०० टक्क्यांवर गेली. आता डोळ्यांसमोर मूळ स्क्रीनचा ६४० बाय ३६० पिक्सेलचा तुकडा, म्हणजे नऊपैकी एक हिस्सा. खालचा टास्कबार गायब, खिडकी बंद करायची फुली गायब, आणि माउस हलवला की सगळे चित्र सरकायला लागते.

सेक्रेटरींनी फोनवर सांगितले, "स्केलिंग शंभर करून टाका." हा सल्ला चुकीचा होता, आणि का चुकीचा होता यातच या दोन सोयींमधला सगळा फरक आहे.

स्केलिंग चित्र तयार होण्याआधी काम करते. विंडोज प्रत्येक प्रोग्रॅमला सांगते की सगळे सव्वापट मोठे काढ. मग १६ पिक्सेल उंचीचे अक्षर फॉन्टमधल्या रेषांवरून नव्याने, २० पिक्सेलचे काढले जाते. मेन्यू, बटणे, टास्कबार त्याच मापात वाढतात, पण आपापल्या जागी राहतात. स्क्रीनवर मावते थोडे कमी. स्क्रीनबाहेर मात्र सहसा काही जात नाही. मॅग्निफायर याच्या उलट टोकाला बसतो. सगळे काढून झाले की तो तयार चित्र हातात घेतो आणि ताणतो. त्याला अक्षर, बटण, फोटो यांतले काही कळत नाही, फक्त पिक्सेल कळतात. ताणलेले चित्र स्क्रीनमध्ये मावत नाही, म्हणून तो एक तुकडा दाखवतो आणि माउस किंवा कर्सर जाईल तिकडे तो तुकडा नेतो.

मराठी मजकुरात हा फरक उघड दिसतो. 'सर्वांनी' हा शब्द घ्या. 'वा'च्या माथ्यावर रफार आणि अनुस्वार एकमेकांना खेटून बसतात. बारीक अक्षरात ते दोन्ही मिळून जेमतेम चार-पाच पिक्सेलचा ठिपका होतो. स्केलिंग २०० टक्के केले तर रफाराची कमान आणि अनुस्वाराचा टिंब वेगवेगळे काढले जातात आणि शब्द वाचता येतो. मॅग्निफायर २०० टक्क्यांवर नेला तर तोच ठिपका दुप्पट मोठा दिसतो, म्हणजे मोठा डाग. मॅग्निफायरमध्ये कडा गुळगुळीत करण्याचा पर्याय आहे, पण मुळात न काढलेली कमान तो कुठून आणणार?

आता सेक्रेटरींच्या सल्ल्याकडे परत येऊ. मॅग्निफायर आणि स्केलिंग एकाच वेळी चालू असतात तेव्हा त्यांचा गुणाकार होतो. खजिनदारांच्या स्क्रीनवर २० पिक्सेलचे अक्षर तिप्पट होऊन ६० पिक्सेलचे दिसत होते. चाचपडत डेस्कटॉपवर राइट क्लिक करून, Display settings उघडून, त्यांनी Scale १०० वर आणले. अक्षर १६ चे झाले आणि तिप्पट होऊन ४८ चे दिसायला लागले. म्हणजे सगळे किंचित लहान झाले. "फरक पडतोय," असे वाटून त्यांनी आणखी अर्धा तास त्याच खिडकीत घालवला. असा थोडासा फरक पडणे फार फसवे असते. दुखणे वेगळे असूनही औषध लागू पडल्यासारखे वाटते.

शेवटी ऐरोलीला नोकरी करणाऱ्या भाचीला फोन लागला. तिने आधी एकच गोष्ट करायला सांगितली.

"मामा, माउस अगदी उजवीकडे कडेपर्यंत ने बघू. स्क्रीन सरकते का?"

"सरकते गं. थांबतच नाही, वाहतेय नुसती."

"मग खिडकीचं चित्र असलेलं बटण दाबून धर आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातलं `Esc` दाब."

स्क्रीन जागेवर आली. `Win` आणि `Esc` मॅग्निफायर पूर्ण बंद करतात. `Win` आणि वजा दाबत गेल्यास चित्र १०० टक्क्यांवर येते, पण तेव्हा मॅग्निफायर चालूच राहिलेला असतो. म्हणून `Esc` बरी.

भाचीचा प्रश्न कुठल्याही स्क्रीनवर चालतो. माउस कडेला नेल्यावर चित्र सरकत असेल आणि टास्कबारचा तुकडाच दिसत असेल, तर तो मॅग्निफायर. सगळे मोठे आहे, पण चारही कडा जागेवर आहेत आणि काही सरकत नाही, तर स्केलिंग वाढले आहे किंवा रिझोल्यूशन उतरवले गेले आहे. या दोघांत रिझोल्यूशन उतरवलेले असेल तर अक्षरे सहसा भुरकट दिसतात. फक्त वेबपान मोठे आणि टास्कबार नेहमीएवढाच, तर तो ब्राउझरचा झूम, जो `Ctrl` आणि शून्याने मूळ जागी येतो. हा झूमही अक्षरे नव्याने काढतो, त्यामुळे स्केलिंगचाच धाकटा भाऊ म्हणता येईल, फक्त एका पानापुरता.

कधी मॅग्निफायर संपूर्ण स्क्रीनऐवजी वेगळ्या रूपात उघडतो. लेन्स रूपात माउसभोवती एक चौकोनी भिंग फिरते. डॉक रूपात वरच्या पट्टीत मोठे चित्र आणि खाली नेहमीची स्क्रीन. `Ctrl`, `Alt` आणि `F` दाबल्यास संपूर्ण स्क्रीन, `L` ने लेन्स, `D` ने डॉक. बंद करायची जोडी तिन्हींना तीच. कॉम्प्युटर सुरू केला की दर वेळी भिंग हजर होत असेल, तर `Win`, `Ctrl` आणि `M` दाबून मॅग्निफायरच्या सेटिंगमध्ये जावे आणि साइन इननंतर तो आपोआप सुरू करणारा पर्याय बंद करावा. तो चालू असेपर्यंत रोज `Esc` दाबणे म्हणजे गळक्या नळाखाली बादली बदलत बसणे.

फोनवर कळा नसतात, बोटांच्या खुणा असतात. आयफोनवर झूम चालू असेल तर तीन बोटांनी दोनदा टॅप केले की स्क्रीन मोठी होते आणि तसेच केले की पूर्ववत. सरकवायलाही तीन बोटे लागतात. एका बोटाने कितीही ओढले तरी भिंग हलत नाही, म्हणून फोन अडकल्यासारखा वाटतो. अँड्रॉइडवर २०१२ सालच्या ४.२ आवृत्तीपासून तीनदा टॅप करण्याची खूण आहे, आणि तिथे सरकवायला दोन बोटे. दोन्हीकडे ही सोय आधी सेटिंगमध्ये चालू झालेली असावी लागते. ती घरातल्या नातवंडांनी कधी केली हे विचारण्यात अर्थ नसतो. आयफोनबाबत एक गंमत: अशा वेळी काढलेला स्क्रीनशॉट नेहमीसारखाच येतो, कारण भिंग तयार चित्रावर नंतर बसवलेले असते. ठाणे–वाशी लोकलमधून स्क्रीनशॉट पाठवून "बघ ना कसं झालंय" म्हटले, तर पलीकडच्याला सगळे ठीकच दिसणार. दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढून पाठवावा.

नेरूळची गोष्ट तिथे संपली नाही. दुसऱ्या दिवशी खजिनदारांची तक्रार उलटी होती: अक्षरे फारच बारीक झाली. Scale १०० वरच राहिले होते, त्यामुळे कालपर्यंत २० पिक्सेलचे असणारे अक्षर आता १६ चे होते. भाचीने या वेळी ते १२५ वर परत न आणता १५० वर नेले. परिपत्रक चष्मा न सरकवता वाचता आले. त्यांना भिंगाची गरज नव्हतीच, मोठ्या अक्षरांची होती.

स्केलिंगने सगळ्यांचे भागत नाही. १३६६ बाय ७६८ च्या स्क्रीनवर ते २०० टक्के केले, तर मांडणीला ६८३ बाय ३८४ एवढीच जागा उरते आणि काही खिडक्यांमधले OK चे बटण खाली स्क्रीनबाहेर जाते. ज्यांना चारपट, सहापट मोठे हवे त्यांना मॅग्निफायरच लागतो, कारण तो तुकडा सरकवून स्क्रीनचा कुठलाही कोपरा गाठू शकतो.

आणि १५० वर गेल्यावर नवी अडचण आलीच. सोसायटीच्या हिशेबाचा जुना प्रोग्रॅम भुरकट दिसायला लागला. तो अशा काळातला, की स्केलिंगची सूचना त्याला कळत नाही. तो १०० टक्क्यांचेच चित्र काढतो आणि विंडोज ते ताणून देते. म्हणजे स्केलिंगच्या पोटात पुन्हा भिंगच. भाचीने त्या प्रोग्रॅमच्या आयकॉनवर राइट क्लिक करून Properties, मग Compatibility, मग Change high DPI settings उघडले आणि खालच्या ओव्हरराइडच्या चौकटीत System (Enhanced) निवडले. या पर्यायात विंडोज शक्य तिथे अक्षरे स्वतः नव्याने काढते. आकडे स्वच्छ झाले. टूलबारवरची चित्रे मात्र भुरकटच राहिली, कारण ती मुळातच १६ बाय १६ पिक्सेलची होती.