कलमाच्या तळाशी गेलेले क्रियापद

संविधानाच्या अनुच्छेद 19 मधला पहिला खंड मराठीत वाचताना एक गोष्ट जाणवते. सुरुवातीला ‘सर्व नागरिकांना’ एवढेच आहे. मग (क), (ख), (ग) अशी पोटकलमे येतात आणि प्रत्येकाचा शेवट ‘-चा’ ने होतो: भाषणस्वातंत्र्याचा, एकत्र जमण्याचा, संचार करण्याचा, राहण्याचा व स्थायिक होण्याचा. कशाचा? ते कळायला यादी संपावी लागते, कारण ‘हक्क असेल’ हे दोन शब्द सर्वांत खाली आहेत. मधले एखादे पोटकलम सुटे काढले की हाती उरते ते वाक्य नसते, वाक्याचा तुकडा असतो.

इंग्रजी पाठात ही अडचण नाही. तिथे ‘हक्क असेल’ या अर्थाचे शब्द यादीच्या आधीच येऊन जातात आणि मग यादी कितीही लांबली तरी बिघडत नाही. कर्ता, क्रियापद आणि नंतर शेपटासारखी लोंबणारी यादी ही रचना इंग्रजीला सोयीची आहे. मराठीत कर्म आधी आणि क्रियापद शेवटी, त्यामुळे तीच यादी कर्ता आणि क्रियापद यांच्या मधोमध पाचरीसारखी बसते. आपल्या शासकीय आणि कायदेशीर मराठीत अर्धवट राहिलेल्या वाक्यांचे मूळ मला बरेचसे इथेच दिसते. लिहिणाऱ्याचा आळस हे कारण त्यानंतरचे.

यादीची ही मांडणी आली इंग्लंडमधून, आणि तिथेही ती फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रजी कायद्याचे प्रत्येक कलम ‘आणि असेही अधिनियमित होवो की’ अशा अर्थाच्या शब्दांनी सुरू होई. व्याकरणाच्या दृष्टीने अख्खे कलम त्या एका ‘होवो की’ वर टांगलेले असे. 1850 मध्ये लॉर्ड ब्रूम यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने ही पालुपदे अनावश्यक ठरवली. एकापेक्षा जास्त तरतुदी असतील तर कायद्याची कलमे पाडावीत आणि कोणत्याही प्रस्तावनेच्या शब्दांशिवाय प्रत्येक कलम स्वतंत्र तरतूद मानावे, असे त्यात सांगितले. आता कलमाला स्वतःच्या पायावर उभे राहणे भाग होते, म्हणजे त्याला स्वतःचे मुख्य क्रियापद लागणार होते.

त्याच सुमारास जॉर्ज कूड यांनी कायद्याच्या वाक्याची चिरफाड केली. गरिबांविषयीच्या कायद्यांच्या कामातून 1843 मध्ये पुढे आलेल्या त्यांच्या विवेचनात वाक्याचे चार भाग सांगितले आहेत: प्रसंग, अट, कर्ता आणि कृती. प्रसंग व अट आधी सांगून टाकावी आणि कर्ता व कृती शेजारी शेजारी ठेवावी, ही त्यांची शिफारस. कर्ता आणि कृती यांच्या मध्ये अटी कोंबल्या की वाक्य भरकटते, हे त्यांचे निरीक्षण आजही जसेच्या तसे लागू पडते. गंमत म्हणजे हा क्रम मराठीला इंग्रजीपेक्षाही अधिक मानवतो. ‘जेव्हा अमुक घडेल तेव्हा, जर तमुक अट पूर्ण झाली असेल तर, अधिकाऱ्याने परवाना द्यावा’ हे वाक्य कुठेही ओढून ताणून आणल्यासारखे वाटत नाही. पण आपल्याकडे अनुवादातून रुळली ती कूड यांची शिस्त नव्हे. रुळला तो इंग्रजी पानावरचा देखावा: वर अर्धे वाक्य, मध्ये अक्षरे घातलेली यादी.

तोपर्यंत मराठी दप्तराची रीत वेगळी होती. मोडी पत्रांत विरामचिन्हे जवळजवळ नसत. ‘-ऊन’ लावलेल्या क्रियांची साखळी लांबत जाई आणि वाक्य कुठे संपले ते ‘जाणिजे’ सारख्या ठरीव शब्दांवरून कळे. म्हणजे क्रियापद शेवटी येई आणि तेच पूर्णविरामाचे काम करी. छापखाना आला, एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांतून स्वल्पविराम, अर्धविराम, अपूर्णविराम रुजले आणि ती जबाबदारी चिन्हांकडे गेली. पूर्णविराम दिसला की वाक्य पूर्ण झाले असे डोळा धरून चालू लागला. आत क्रियापद आहे की नाही हे तपासण्याची सवय तिथून सुटली, असे म्हणायला हरकत नाही.

1960 मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले. 1964 च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने राज्यकारभाराला मराठीची चौकट दिली. इंग्रजीतल्या कायद्यांचे आणि नियमांचे ढीग मराठीत आणायचे होते आणि कलमांचे व पोटकलमांचे क्रमांक मुळाप्रमाणेच ठेवणे भाग होते, कारण निवाड्यांत व पत्रव्यवहारात संदर्भ त्याच क्रमांकांनी दिला जातो. (ख) चा मजकूर (ख) मध्येच यायला हवा. मग क्रियापद ठेवायचे कुठे?

अनुवादकांनी दोन वाटा काढल्या. पहिली वाट म्हणजे यादी संपल्यावर एक वेगळी ओळ लिहायची आणि क्रियापद तिथे ठेवायचे. अनुच्छेद 19 मध्ये हेच आहे. उद्देशिकेतही तसेच आहे: न्याय, स्वातंत्र्य आणि समानता यांच्या तीन ओळींनंतर ‘निश्चितपणे प्राप्त करून देण्याचा’ ही ओळ सुटी येते, आणि वाक्याचे खरे मुख्य क्रियापद तर अगदी शेवटचे, ‘अर्पण करत आहोत’. सुरुवातीच्या ‘आम्ही’ ला तिथपर्यंत वाट पाहावी लागते. उद्देशिका फलकावर किंवा हस्ताक्षरात उतरवताना ही मधली ओळ गळाली, तर वरच्या तीन ओळी लगेच निराधार होतात, तरीही पान मात्र पूर्ण दिसते.

दुसरी वाट म्हणजे मुख्य वाक्य वरच संपवून टाकायचे: ‘पुढील कागदपत्रे सादर करावीत :—’ आणि खाली फक्त नामे. ही वाट उशिरा रुळली आणि माझ्या मते तीच बरी आहे. पण वर संपवायचे तर यादीतल्या सगळ्या बाबींना सामावून घेणारे एक नाम सापडावे लागते, आणि अवघड मजकुरात ते सहज सापडत नाही.

बिघाड कसा होतो हे पाहायला उदाहरणादाखल रचलेला एक आदेश घेऊ:

संस्थेच्या सचिवाने,—
(अ) सभासदांची अद्ययावत यादी तयार करून,
(ब) मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल,
(क) ज्या सभासदांकडे सहा महिन्यांहून अधिक काळाची थकबाकी आहे त्यांना पाठविलेल्या नोटिशींच्या प्रती, आणि
(ड) थकबाकी वसुलीबाबत केलेली कार्यवाही, 30 दिवसांच्या आत निबंधक कार्यालयात.

भराभर वाचले तर काही खटकत नाही, कारण क्रिया दाखवणारे शब्द जागोजागी आहेत. ‘तयार करून’, ‘पाठविलेल्या’, ‘केलेली’ हे सगळे धातूंपासूनच बनले आहेत, पण त्यांतला एकही वाक्य पूर्ण करत नाही. मराठीतला अर्धवट तुकडा बहुधा असाच असतो. त्यात धातूंचा दुष्काळ नसतो, सगळ्यांना -ऊन, -लेला, -णारा, -ण्याबाबत असे प्रत्यय लागलेले असतात एवढेच. त्यात (क) मधले ‘आहे’ तर चक्क पूर्ण क्रियापद आहे, पण ते ‘ज्या सभासदांकडे’ या गौण वाक्याचे. शोधणाऱ्याचा डोळा नेमका तिथे फसतो. सचिवाने काय करावे, हे आदेशात कुठेच नाही.

शिवाय ‘30 दिवसांच्या आत’ हे शब्द (ड) च्याच ओळीत चिकटले आहेत. मुदत फक्त कार्यवाहीला लागू की चारही बाबींना? शेवटची ओळ यादीतून बाहेर काढून डाव्या समासाला आणली असती तर प्रश्न उरला नसता. पूर्वी टंकलेखक ती ओळ हाताने मागे ओढत असे. संगणकावर आपोआप क्रमांक पडणाऱ्या यादीत ती शेवटच्या बाबीच्याच आत सरकते, किंवा तिला (इ) असे अक्षर मिळून ती स्वतःच एक बाब होऊन बसते.

तपासायची रीत सोपी आहे. आरंभाचे शब्द, एक बाब आणि शेवटचे शब्द एवढेच सलग वाचायचे, मग पुढची बाब तशीच. अनुच्छेद 19 या कसोटीला उतरतो: ‘सर्व नागरिकांना … एकत्र जमण्याचा … हक्क असेल’. आपल्या आदेशात (अ) घेतले तर ‘सचिवाने सभासदांची अद्ययावत यादी तयार करून 30 दिवसांच्या आत निबंधक कार्यालयात’ इथे आवाज वरच लटकतो. (ब) मध्ये कृतीच नाही, (अ) मध्ये अर्धी आहे, म्हणजे बाबींची घडणही सारखी नाही. नुसते ‘सादर करावे’ जोडून भागत नाही, कारण यादी, अहवाल आणि प्रती यांची लिंगे व वचने वेगवेगळी: करावी, करावेत की कराव्यात? हा गुंता टाळण्यासाठी अनेकजण क्रियापदच टाळतात असा माझा संशय आहे.

दुरुस्तीत दुसरी वाट घ्यावी: ‘सचिवाने पुढील कागदपत्रे 30 दिवसांच्या आत निबंधक कार्यालयात सादर करावीत :— (अ) सभासदांची अद्ययावत यादी, (ब) मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, (क) सहा महिन्यांहून अधिक काळ थकबाकी असलेल्या सभासदांना पाठविलेल्या नोटिशींच्या प्रती, आणि (ड) थकबाकी वसुलीच्या कार्यवाहीचा अहवाल.’ आता ‘करावीत’ चा मेळ ‘कागदपत्रे’ या एकाच शब्दाशी बसतो आणि मुदत सगळ्यांना लागू होते. ‘कार्यवाही’ सादर करता येत नाही, तिचा अहवाल करता येतो, हेही आपसूक ध्यानात आले.

कायद्यात दुरुस्ती झाली की हा प्रश्न पुन्हा डोके वर काढतो. 1978 च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 19 मधला मालमत्तेविषयीचा उपखंड वगळला. तो यादीत शेवटून दुसरा होता. म्हणून इंग्रजी पाठात त्याच्या आधीच्या उपखंडाच्या शेवटी ‘आणि’ या अर्थाचा शब्द घालण्याची वेगळी तरतूद त्याच दुरुस्तीत करावी लागली. इंग्रजी यादीत शेवटची बाब गेली तर फार तर असे एखादे उभयान्वयी अव्यय जागचे हलते. मराठीत मात्र क्रियापद शेवटच्या बाबीलाच जोडून लिहिलेले असेल आणि पुढे तीच बाब वगळली गेली, तर तिच्याबरोबर सगळ्या कलमाचे क्रियापदही वगळले जाते.