जागा चुकलेला शब्द आणि मालक हरवलेला शब्द: अर्ज-पंचनाम्यातली दोन वेगळी दुखणी

ऑक्टोबरात सोयाबीन कापून गंजी लावलेली असते आणि नेमका पाऊस येतो. मग अर्ज लिहिले जातात. त्या अर्जांत हमखास सापडणारी दोन वाक्ये अशी:

«दि. ९ ऑक्टोबर रोजी कापून ठेवलेल्या सोयाबीनचे अवेळी पावसाने नुकसान झाले.»

«शेतात जाऊन पाहणी करून सोयाबीनची गंजी पूर्ण भिजलेली आढळली.»

दोन्ही वाचताना अडखळायला होत नाही, आणि दोन्हींत दावा घसरलेला आहे. लोक दोन्हीला «वाक्यरचना चुकली» म्हणून मोकळे होतात. पण पहिल्यात शब्द आहे आणि त्याची जागा चुकली आहे. दुसऱ्यात ज्याच्याशी जोडायचे तो शब्दच वाक्यात नाही. एकाची दुरुस्ती दुसऱ्याला लागू पडत नाही, म्हणून हा फरक कळायला हवा.

पहिले वाक्य घ्या. समजा सोयाबीन ४ ऑक्टोबरला कापले, पाऊस ९ तारखेला संध्याकाळी आला आणि अर्ज ११ तारखेला दिला. लिहिणाऱ्याच्या मनात ९ ही पावसाची तारीख आहे. पण मराठीत तारीख, ठिकाण, प्रमाण सांगणारे शब्द पुढे येणाऱ्या पहिल्या क्रियेला चिकटतात, मग ती क्रिया «कापून ठेवलेल्या» अशी विशेषणाच्या रूपात का असेना. त्यामुळे वाचणारा समजतो की कापणी ९ तारखेला झाली. पाऊस कधी आला, हे अर्जात कुठेच उरत नाही.

इथे दोन तारखांची दोन वेगळी कामे असतात. प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत स्थानिक आपत्तीची किंवा काढणीनंतरच्या नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यायची असते, आणि हे तास नुकसान झाल्यापासून मोजतात. शेतात वाळायला ठेवलेल्या कापलेल्या पिकाला संरक्षण १४ दिवसांपर्यंत असते, आणि हे दिवस कापणीपासून मोजतात. (हे जोखीम-प्रकार लागू करायचे की नाही हे राज्य ठरवते, त्यामुळे आपल्या हंगामाचा शासन निर्णय आधी पाहून घ्यावा.) म्हणजे एक तारीख घरंगळली की दोन्ही हिशेब बिघडतात. १४ दिवस चुकीच्या दिवसापासून मोजले जातात आणि ७२ तास कुठून मोजायचे तेच कळत नाही.

दुरुस्तीला एकही नवा शब्द लागत नाही:

«कापून ठेवलेल्या सोयाबीनचे दि. ९ ऑक्टोबर रोजी अवेळी पावसाने नुकसान झाले.»

तारीख उचलली, नुकसानीजवळ ठेवली, अर्थ जागेवर आला. कापणीची तारीखही द्यायची असेल, आणि ती द्यावीच, तर तीही आपल्या क्रियेजवळ: «दि. ४ ऑक्टोबर रोजी कापून ठेवलेल्या सोयाबीनचे दि. ९ ऑक्टोबर रोजी सायंकाळी अवेळी पावसाने नुकसान झाले.» काही जण जुन्या वाक्यात «रोजी»नंतर स्वल्पविराम टाकून भागवतात. कागदावर तो चालतो, पण अर्ज संगणकावर पुन्हा टंकला जाताना पहिला बळी स्वल्पविरामाचाच जातो. जागा बदललेली बरी.

आता दुसरे वाक्य. त्यातले «शेतात जाऊन पाहणी करून» कुठेही हलवून पाहा. «सोयाबीनची गंजी शेतात जाऊन पाहणी करून पूर्ण भिजलेली आढळली» असे केले तर आणखी वेडेवाकडे होते, पण मूळ प्रश्न तसाच राहतो. पाहणी केली कोणी? शेतकऱ्याने, कृषी सहायकाने, विमा कंपनीच्या प्रतिनिधीने, की पंचांनी? वाक्यात माणूसच नाही. «जाऊन», «करून» या रूपांना करणारा लागतो, आणि मराठीचा सर्वसाधारण नियम असा की तो मुख्य क्रियापदाच्या कर्त्याशी एकच असावा. «बैल वैरण खाऊन बसला» यात खाणारा आणि बसणारा एकच. आपल्या वाक्यात कर्त्याच्या जागी फक्त गंजी दिसते, आणि गंजी काही शेतात जाऊन पाहणी करत नाही.

मग हे वाक्य कानाला खटकत का नाही? कारण «आढळली» या क्रियापदात कोणाला तरी आढळली, असा एक न सांगितलेला माणूस दडलेला असतो आणि आपण मनातल्या मनात त्याला पाहणी करायला लावतो. आपण मनात धरतो तोच माणूस साहेबही धरतील, याची मात्र काही खात्री नाही. अर्जात हे वाक्य आले तर ते शेतकऱ्याचे स्वतःचे म्हणणे ठरते. पंचनाम्यात आले तर पंचांनी डोळ्यांनी पाहिल्यासारखे वाचले जाते. शेतकऱ्याने सांगितले आणि पंचांनी पाहिले, यांचे वजन सारखे नसते. पुढे कोणी हरकत घेतली तर पहिला प्रश्न तोच येतो.

इथे शब्द भरावाच लागतो: «कृषी सहायक व पंच यांनी दि. ११ ऑक्टोबर रोजी शेतात जाऊन पाहणी केली. त्यांना सोयाबीनची गंजी पूर्ण भिजलेली आढळली.» दोन वाक्ये झाली तरी हरकत नाही. कचेरीच्या मराठीला एकाच वाक्यात सगळे कोंबायची सवय आहे, आणि हे दुखणे बहुतेक त्याच सवयीतून येते.

म्हणून ओळखण्याची चाचणी सोपी आहे. संशय आलेला तुकडा उचलून वाक्यात दुसरीकडे ठेवून पाहायचा. एखाद्या जागी अर्थ सरळ झाला तर त्याची फक्त जागा चुकली होती. कुठेही ठेवला तरी «कोणी?» हा प्रश्न उरत असेल तर त्याचा मालक हरवलेला आहे, आणि तो लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी, नाहीतर चांगली वाक्येही खोडली जातील. «पाऊस येऊन गंजी भिजली» यात येणारा पाऊस आणि भिजणारी गंजी, कर्ते दोन. तरी वाक्य निर्दोष आहे. दोन्ही घटना आपोआप घडणाऱ्या आहेत, एकीमुळे दुसरी झाली आहे आणि दोन्ही कर्ते वाक्यात हजर आहेत. तसेच «ग्रामसभेत चर्चा करून ठराव मंजूर करण्यात आला» हेही चालते, कारण चर्चा करणारी आणि मंजूर करणारी ग्रामसभा एकच, आणि ती कोण हे संदर्भातून स्पष्ट असते. इंग्रजी व्याकरणाची फूटपट्टी लावून असली वाक्ये चूक ठरवणारे सापडतात. त्यांचे ऐकू नये.

«-ताना» आणि «-ल्यावर» यांची गोष्ट थोडी निराळी आणि जास्त फसवी. या रूपांना स्वतःचा वेगळा कर्ता घेता येतो, त्यामुळे व्याकरण आपल्याला टोकत नाही. वीज पडून जनावर दगावल्याच्या अर्जात असे वाक्य असते:

«संध्याकाळी वावरातून घरी येताना वीज पडून बैल दगावला.»

येत कोण होते? बैल येत असेल तर तो रस्त्यात किंवा कोणाच्या तरी धुऱ्यावर पडला. शेतकरी येत असेल तर बैल गोठ्याजवळ बांधलेला असू शकतो. घटनेची जागा बदलते, म्हणजे पंचनामा कुठे करायचा आणि कोणता गट क्रमांक लिहायचा तेही बदलते. «येताना» पुढेमागे सरकवून काही होत नाही, येणारा लिहावा लागतो. «मी बैलजोडी घेऊन वावरातून घरी येत असताना गट क्र. अमुकच्या धुऱ्याजवळ वीज पडून डाव्या बाजूचा बैल जागीच दगावला» किंवा «मी वावरातून घरी येत असताना गोठ्यासमोर बांधलेल्या माझ्या बैलावर वीज पडली व तो दगावला.» ही दोन वेगळ्या घटनांची वाक्ये आहेत, आणि मूळ वाक्यात दोन्ही बसत होत्या.

जागा चुकलेल्या शब्दांत सगळ्यात खोडकर म्हणजे «फक्त». आपल्याकडे कपाशीत तुरीच्या ओळी असतातच, त्यामुळे हा फरक थेट नुकसानीच्या आकड्यात उतरतो. «पुरामुळे फक्त दोन एकरांतील कपाशी खरडून गेली» म्हणजे बाकीचे वावर वाचले. «पुरामुळे दोन एकरांतील फक्त कपाशी खरडून गेली» म्हणजे त्याच दोन एकरांतली तूर उभी आहे. «फक्त पुरामुळे दोन एकरांतील कपाशी खरडून गेली» म्हणजे दुसरे कोणतेही कारण नव्हते. शब्द तेच, दावे तीन. «च» लावला तर गोंधळ कमी होतो, कारण तो ज्या शब्दाला लागतो त्याला सोडत नाही: «दोन एकरांतीलच», «कपाशीच», «पुरामुळेच».

प्रमाण सांगणाऱ्या शब्दांचेही असेच. अतिवृष्टीनंतरच्या ठरावात एक वाक्य असे उतरते: «गावातील ३३ टक्क्यांपेक्षा जास्त शेतकऱ्यांच्या पिकांचे नुकसान झाले आहे.» लिहिणाऱ्याने ३३ हा आकडा मदतीच्या निकषातून घेतलेला असतो. पण निकषात टक्केवारी पिकाच्या नुकसानीची आहे, आणि इथे ती शेतकऱ्यांच्या संख्येला चिकटली. शंभर खातेदारांत चाळीस जणांचे प्रत्येकी दहा टक्के पीक गेले तरी हे वाक्य खरे ठरते, आणि त्यातला एकही जण निकषात बसत नाही. हवे होते ते असे: «गावातील शेतकऱ्यांच्या पिकांचे ३३ टक्क्यांपेक्षा जास्त नुकसान झाले आहे.» आता टक्केवारी नुकसानीची झाली. पण हा दावा सगळ्या शेतकऱ्यांबद्दल झाला, हेही पाहावे. तसे नसेल तर किती खातेदारांचे, तो आकडा वेगळा द्यावा लागेल.

कधीकधी दोन्ही दुखणी एकाच वाक्यात येतात. «विचारपूस करून दि. ९ रोजी पेरणी केलेल्या हरभऱ्याचे ७० टक्के नुकसान झाल्याचे समजले» यात गारपिटीची तारीख पेरणीला चिकटली आहे आणि विचारणारा गायब आहे. अशा वेळी आधी माणूस लिहून घ्यावा, मग तारीख हलवावी. उलट केले तर एवढेच होते की तारीख नीट बसलेली पाहून वाक्य दुरुस्त झाले असे वाटते, आणि विचारले कोणी, सांगितले कोणी, हे राहूनच जाते. विचारणारा तलाठी आणि सांगणारा शेजारचा धुरेकरी असेल, तर दोघांचीही नोंद हवी: «तलाठ्यांनी लगतच्या शेतकऱ्यांकडे विचारपूस केली असता, हरभऱ्याचे दि. ९ रोजीच्या गारपिटीने सुमारे ७० टक्के नुकसान झाल्याचे त्यांनी सांगितले.»

या वाक्यातही एक कच्ची जागा आहे. «त्यांनी» म्हणजे लगतचे शेतकरी हे इथे सहज कळते, पण मधे आणखी एखाद्या अधिकाऱ्याचे पदनाम आले तर कळणार नाही. तेव्हा «त्यांनी» खोडून पुन्हा «सदर शेतकऱ्यांनी» लिहावे. कानाला जड लागेल, पंचनाम्यात चालते.