समांतर कंडेन्सर पंप : संयुक्त वक्र आणि एनपीएसएच तपासणी

कंडेन्सर-पाणी संस्थेत दोन किंवा अधिक सारखे पंप एकाच सक्शन टाकीतून पाणी घेऊन एकाच डिस्चार्ज हेडरमध्ये सोडतात, तेव्हा त्यांना समांतर पंप म्हणतात. चिलर किंवा प्रक्रिया-यंत्राच्या कंडेन्सरमधली उष्णता हे पाणी कूलिंग टॉवरवर नेते आणि थंड होऊन पुन्हा टॉवरखालच्या हौदात येते. असे पंप निवडताना दोन आलेख पाहावे लागतात. प्रवाहानुसार हेड, म्हणजे पंप पाण्याला किती मीटर उंचीएवढा दाब देतो ते, कसे बदलते हे एक दाखवतो, तर प्रवाहानुसार पंपाला सक्शनकडे किती दाब लागतो, म्हणजे आवश्यक एनपीएसएच किती, हे दुसरा दाखवतो. पुष्कळ ठिकाणी दुसरा आलेख फक्त ठरलेल्या कामाच्या बिंदूवर पाहून सोडून देतात. पंपाला खरा त्रास मात्र सगळे पंप चालू असताना होत नाही. एकच चालू असताना होतो.

संयुक्त वक्र कसा काढतात

समांतर पंपांत हेड समान राहते आणि प्रवाहांची बेरीज होते. म्हणून आलेखावर एक हेड घ्यायचे, त्या हेडला एक पंप जितके पाणी देतो त्याच्या दुप्पट अंतरावर खूण करायची आणि अशा खुणा जोडायच्या, की दोन पंपांचा संयुक्त वक्र तयार होतो. प्रत्येक पंपाच्या स्वतःच्या सक्शन आणि डिस्चार्ज फाट्यांतले घर्षण बेरीज करण्यापूर्वीच त्या पंपाच्या वक्रातून वजा करणे योग्य, कारण त्या फाट्यांतून एकाच पंपाचे पाणी जाते. पुढच्या उदाहरणातला पंपाचा वक्र असा वजाबाकी केलेला आहे.

संयुक्त वक्र काढला म्हणजे प्रवाह ठरला असे नाही. पाइप, कंडेन्सर आणि टॉवर मिळून जो संस्थेचा वक्र होतो, तो पंपाच्या वक्राला जिथे छेदतो तिथेच पंप चालतो. उघड्या टॉवरच्या संस्थेत या वक्राचे दोन भाग असतात. हौदातल्या पाण्याच्या पातळीपासून टॉवरच्या फवारा-नळ्यांपर्यंतची उंची प्रवाह कितीही असला तरी तेवढीच राहते, आणि घर्षण प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

एक उदाहरण : जळगाव परिसरातला कारखाना

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पीव्हीसी पाइप आणि चटया बनवणारे कारखाने बरेच आहेत, आणि साच्यातून निघालेला माल थंड करायला त्यांना शीतजल लागते. अशाच एका कल्पित कारखान्यात प्रत्येकी सुमारे २७५ टनांचे दोन चिलर आहेत असे धरू. प्रत्येक कंडेन्सरला ताशी २०० घनमीटर पाणी हवे, म्हणून दोन सारखे पंप बसवले आहेत. टॉवरचा हौद जमिनीलगत आहे आणि पंप चौथऱ्यावर आहेत, त्यामुळे पाण्याची किमान पातळी पंपाच्या मध्यरेषेखाली १.२ मीटर राहते. फवाऱ्याची उंची या पातळीपासून ४ मीटर आणि ४०० घनमीटर प्रवाहाला घर्षण १८ मीटर. हेड मीटरमध्ये आणि प्रवाह घनमीटर प्रतितासात घेतला तर संस्थेचा आणि एका पंपाचा वक्र असे येतात :

```
H = 4 + 0.0001125 Q²
H = 28 − 0.00015 Q²
```

दोन्ही पंप चालू असताना छेदबिंदू ४०० घनमीटर आणि २२ मीटरवर येतो. प्रत्येक पंप २०० घनमीटर देतो. रचनाकाराने हाच बिंदू धरलेला असतो.

आता एक चिलर आणि त्याच्यासोबत एक पंप बंद करा. पाणी निम्म्यावर येईल असे वाटते, पण दोन्ही समीकरणे एकत्र सोडवली की उत्तर ३०२ घनमीटर येते, आणि हेड १४.३ मीटरवर उतरते. कारण उघड आहे : प्रवाह घटला की घर्षण झपाट्याने कमी होते आणि पंपासमोरचा विरोधच सैल पडतो. पंप स्वतःच्या वक्रावरून उजवीकडे घसरत जातो आणि ठरलेल्या प्रवाहाच्या दीडपट पाणी ओढू लागतो. हेच उलट बाजूने पाहिले तर दुसरा पंप सुरू केल्याने ३०२ चे ६०४ होत नाहीत, ४०० होतात. ‘दोन पंप लावले तरी पाणी दुप्पट का येत नाही’ या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर इथे आहे. पंप खराब नसतात.

वरचा हिशेब दोन्ही कंडेन्सरचे व्हॉल्व्ह उघडे असल्याचा आहे. तेव्हा ३०२ घनमीटर दोन्हीकडे विभागले जातात आणि चालू चिलरला फक्त १५१ मिळतात. त्याच्या कंडेन्सरमध्ये पाण्याची तापवाढ ५ अंशांऐवजी साडेसहा अंशांच्या आसपास जाते आणि चिलरचे हेड प्रेशर, म्हणजे कंडेन्सरमधला शीतकाचा दाब, चढते. म्हणजे पंप जास्त पाणी ओढतो, आणि ज्याला पाणी हवे त्याला कमी मिळते.

बंद चिलरचा व्हॉल्व्ह बंद केला तर चित्र पालटते. एकूण १८ मीटर घर्षणापैकी ८ मीटर कंडेन्सरमध्ये जातात असे धरले, तर सगळे पाणी एकाच कंडेन्सरमधून जाताना विरोध वाढतो आणि एकटा पंप २४१ घनमीटरवर स्थिरावतो.

एनपीएसएच तपासणी

पंपाच्या तोंडाशी पाण्याचा निरपेक्ष दाब त्याच्या बाष्पदाबापेक्षा किती वर आहे, हे उपलब्ध एनपीएसएच सांगते. ते काढण्यासाठी हवेच्या दाबाच्या शीर्षातून पाण्याचा बाष्पदाब आणि सक्शनमधले घर्षण वजा करतात. पाणी पंपाखाली असेल तर तेवढी उंचीही वजा होते आणि वर असेल तर मिळवली जाते. हे उत्तर निर्मात्याने दिलेल्या आवश्यक एनपीएसएचपेक्षा जास्त असावे लागते. एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी : आवश्यक एनपीएसएच म्हणजे पंपाचे हेड ३ टक्के घटलेले असतानाचा आकडा. त्या बिंदूला पोकळीकरण, म्हणजे कॅव्हिटेशन, आधीच सुरू झालेले असते. दोन्ही आकडे जेमतेम जुळले तर पंप सुरक्षित आहे असे मानू नये. किमान एक मीटरचे अंतर हवे.

जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २१० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब पाण्याच्या साधारण १०.१३ मीटर स्तंभाएवढा भरतो. ३४ अंश पाण्याचा बाष्पदाब ०.५५ मीटर. सक्शन पाइप, फूट व्हॉल्व्ह आणि जाळी मिळून २०० घनमीटरला १.२ मीटर घर्षण घेतले, तर उपलब्ध एनपीएसएच ७.१८ मीटर येते. निर्मात्याच्या आलेखावर या प्रवाहाला ३.० मीटर लागतात असे धरू. चार मीटरांहून जास्त शिल्लक आहे, आणि बहुतेक तपासण्या इथेच थांबतात.

३०२ घनमीटरला सक्शनचे घर्षण २.७४ मीटर होते आणि उपलब्ध आकडा ५.६४ वर उतरतो. आवश्यक आकडा त्याच आलेखावर उजवीकडे चढत ६.२ मीटरवर गेलेला असतो. शिल्लक संपून अर्ध्या मीटरहून जास्त तूट आली. एक रेषा खाली येते, दुसरी वर जाते. म्हणून प्रवाह दीडपट झाला की चार मीटरची चैन नाहीशी होते. व्हॉल्व्ह बंद असतानाच्या २४१ घनमीटरला मात्र उपलब्ध ६.६३ आणि आवश्यक सुमारे ४.० मीटर, म्हणजे पंप निर्धास्त चालतो. दोन अवस्थांतला फरक फक्त बंद चिलरच्या एका बटरफ्लाय व्हॉल्व्हचा आहे.

खानदेशातले हवामान आणि सक्शन

मे महिन्यात जळगाव, भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, त्यामुळे उन्हाळ्यात पंप आवाज करू लागला की दोष गरम पाण्याला देतात. हिशेब तसे सांगत नाही. पाणी ३० वरून ४० अंशांवर गेले तरी बाष्पदाब जेमतेम ०.३२ मीटरने वाढतो. शिवाय टॉवरचे पाणी हवेच्या वेट बल्ब तापमानामागे, म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापीच्या आकड्यामागे, चालते, आणि कोरड्या उन्हाळ्यात ते पाऱ्यापेक्षा बरेच खाली असते. दमट पावसाळ्यात टॉवरचे काम अधिक कठीण होते.

खरा शत्रू सक्शनची जाळी. टॉवर हवा ओढतो तशी धूळही ओढतो. जिनिंगच्या हंगामात जवळपास कापसाचा कारखाना असेल तर तंतूही येतात, आणि बोअरच्या जड पाण्याचे क्षार त्यावर बसतात. जाळी अर्धवट भरून २०० घनमीटरचे घर्षण १.२ वरून १.८ मीटर झाले, तर ३०२ घनमीटरला ते ४.१ मीटर होते आणि तूट जवळपास दोन मीटरवर जाते. दोन्ही पंप चालू असताना हीच घाण कळतही नाही, कारण तिथे अजून साडेतीन मीटर शिल्लक असतात.

ओळख आणि उपाय

पोकळीकरणात पंपाच्या शरीरातून खडी फिरल्यासारखा आवाज येतो, डिस्चार्ज गेजचा काटा थरथरतो आणि काही महिन्यांत इंपेलरच्या पात्यांना तोंडाकडच्या बाजूला खड्डे पडतात. हौदात पातळी कमी असताना भोवरा होऊन हवा शिरली तरी आवाज असाच असतो, म्हणून आधी हौदाच्या पाण्याकडे पाहावे. सक्शनवरचा व्हॅक्यूम गेज अधिक खात्रीने सांगतो. वरच्या उदाहरणात २०० मिलिमीटरच्या सक्शनला तो ठरलेल्या प्रवाहावर पाऱ्याचे सुमारे १९० मिलिमीटर दाखवील, एकट्या पंपाच्या ३०२ घनमीटरवर ३१५ च्या आसपास. मोटरचा अँपिअरही पाहावा. बऱ्याच सेंट्रिफ्यूगल पंपांत प्रवाहाबरोबर वीज वाढते आणि एकटा पंप ओव्हरलोडवर ट्रिप होतो.

पहिला उपाय बंद चिलरचा व्हॉल्व्ह पंपाशी जोडून आपोआप बंद होईल असे करणे. ते शक्य नसेल तर डिस्चार्ज व्हॉल्व्ह आवळावा. सक्शन व्हॉल्व्ह कधीही नाही, कारण त्याने उपलब्ध एनपीएसएचच घटते. दोन्ही कंडेन्सर उघडे असताना एका पंपाला २०० वर आणायचे, तर संस्थेला ८.५ मीटर लागतात आणि पंप २२ देतो, म्हणजे साडेतेरा मीटर व्हॉल्व्हमध्ये जाळावे लागतात. वेगनियंत्रक असेल तर तोच प्रवाह सुमारे ३६ हर्ट्झवर मिळतो आणि ही वीज वाचते. मात्र तेव्हाही चालू चिलरला १०० घनमीटरच मिळतात, म्हणून पंप वाचवायला हे ठीक असले तरी चिलर चालवायला बंद व्हॉल्व्हच लागतो.

पंप खाली उतरवणे किंवा हौद उचलणे हा नव्या उभारणीतला चांगला पर्याय. दीड मीटरने सक्शन सुधारले तर स्वच्छ जाळीवर ३०२ घनमीटरला ०.९ मीटर शिल्लक राहते. जाळी भरली की तीही पुरत नाही. म्हणून निविदेत आवश्यक एनपीएसएच मागताना ‘२०० घनमीटरला’ असे न लिहिता पंपाच्या वक्राच्या शेवटापर्यंतचा पूर्ण आलेख मागावा, आणि एकच पंप, दोन्ही व्हॉल्व्ह उघडे, हौद किमान पातळीवर व जाळी मळलेली, या अवस्थेत तपासणी करावी.