सिलेंडरचा गॅस खाली बसतो, पाइपचा वर चढतो: वास न येणाऱ्यांसाठी

नऊ वर्षांपूर्वी कर्वे रस्त्यावर स्कूटरवरून पडलो आणि डोक्याचा मागचा भाग आपटला. टाके पडले, ते भरले, पण वास गेला तो गेलाच. नाकाच्या छताशी चाळणीसारखं एक पातळ हाड असतं. वासाच्या नसांचे बारीक धागे त्यातूनच मेंदूत जातात, आणि असा फटका बसला की ते तुटू शकतात. काहींचे परत जुळतात, माझे जुळले नाहीत. तेव्हापासून स्वयंपाकघरात नाकाचं काम डोळ्यांनी, कानांनी आणि भिंतीवरच्या एका छोट्या डबीने करायचं असतं. गेल्या वर्षी कळलं की ही डबीच मी चुकीच्या जागी लावून ठेवली होती.

नारायण पेठेतल्या जुन्या घरात सिलेंडर होता. कोथरूडच्या सोसायटीत आलो तेव्हा इथे एमएनजीएल कंपनीच्या गॅसचा पाइप होता. सामानाबरोबर गॅस डिटेक्टरही आला. इलेक्ट्रिशियनला म्हटलं, जुन्या घरात होता तसाच लाव. त्याने तसाच लावला, म्हणजे ओट्याखाली, जमिनीपासून वीतभर वर. हिरवा दिवा लागत होता, मी निर्धास्त होतो. काही महिन्यांनी गॅस कंपनीचा माणूस तपासणीला आला. हातातलं यंत्र शेगडीमागच्या रबरी नळीपाशी नेताच ते टिकटिकायला लागलं. गळती बारीक होती, पण होती. माझी डबी ओट्याखाली गप्प.

"काका, हा खाली कशाला लावलाय?" त्याने विचारलं. "तुमचा गॅस वर जातो."

नाक शाबूत असणाऱ्याला हा फरक माहीत नसला तरी चालून जातं. सिलेंडरमधला गॅस आणि पाइपमधला गॅस हे मुळात दोन वेगळे वायू आहेत. दोघांनाही स्वतःचा म्हणावा असा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टनसारखी कुजक्या वासाची गंधकयुक्त रसायनं मुद्दाम मिसळतात. वास साधारण सारखाच येतो, म्हणून घरात कुणीही "गॅस लीक होतोय" एवढंच म्हणतं, कोणता ते विचारत नाही. आपल्याला तो वासच येत नाही, म्हणून आपल्याला विचारावं लागतं.

सिलेंडरमध्ये एलपीजी असतो, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. तो हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असतो. गळला की पाण्यासारखा ओट्यावरून खाली उतरतो, फरशीवर पसरतो, ओट्याखालच्या कपाटात, नहाणीच्या जाळीत, दाराखालच्या फटीत शिरतो. पाइपमध्ये बहुतांश मिथेन असतो. तो हवेच्या निम्म्याहून थोडाच जास्त वजनाचा, त्यामुळे छताकडे जातो आणि वरच्या कोपऱ्यांत, माळ्याखाली, पोटमाळ्याच्या फळीआड साचतो. म्हणून एलपीजीचा डिटेक्टर जमिनीपासून फूटभराच्या आत आणि पाइपच्या गॅसचा छतापासून फूटभराच्या आत. दुकानात "दोन्ही गॅसला चालतो" असं सांगून विकतात. सेन्सरपुरतं ते बऱ्याचदा खरंही असतं, पण जागा दोन्हीला एकच चालत नाही. जिथे गॅस पोचतच नाही तिथे चांगला सेन्सरही मुकाच राहणार.

किती गॅस म्हणजे धोका, याचा हिशोब एकदा करून पाहिला. आमचं स्वयंपाकघर आठ बाय आठ फूट, उंची नऊ फूट, म्हणजे साधारण १६ घनमीटर हवा. एलपीजी हवेत २ टक्क्यांच्या आसपास झाला की पेटू शकतो. सगळ्या खोलीत सारखा मिसळायचा तर त्याला पाऊणएक किलो गॅस लागेल. पण तो सारखा मिसळत नाही, खाली बसतो. समजा तळाच्या दीड फुटातच साचला, तर सव्वाशे ग्रॅमच्या आसपास पुरतो. मोठा बर्नर न पेटवता उघडा राहिला तर एवढा गॅस पाऊण तासात येतो. मिथेनला पेटायला जास्त, म्हणजे ५ टक्के लागतात. त्यामुळे पाइपचा गॅस थोडा कमी धोक्याचा वाटतो. पण तोही वरच्या दीड फुटात साचला, तर उघड्या बर्नरने तिथवर पोचायला साधारण पाऊण तासच लागतो. हिशोब ढोबळ आहे. खिडकी उघडी असेल तर वेळ वाढतो, सगळं बंद असेल तर हाताशी एवढाच वेळ.

उघडा बर्नर राहतो कसा? नळी क्वचित फुटते. नेहमीचा प्रकार म्हणजे दूध उतू जातं, ज्योत विझते, आणि आपण हॉलमध्ये बातम्या बघत असतो. नाकवाल्याला दोन मिनिटांत कळतं. म्हणून नवी शेगडी घेताना मी एकच गोष्ट पाहिली: ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी सोय आहे का. बर्नरशेजारी धातूची बारीक काडी असते, ती ज्योतीने तापलेली असेपर्यंतच झडप उघडी राहते. ज्योत गेली की काडी निवते आणि साधारण मिनिटभरात गॅस तुटतो. अशी शेगडी थोडी महाग पडते, पण माझ्यासारख्याने डिटेक्टरच्या आधी हीच घ्यावी, असं माझं मत. डिटेक्टर गळती झाल्यावर ओरडतो, ही गळती होऊच देत नाही. मात्र नळीच्या सांध्याची गळती तिला कळत नाही, म्हणून दोन्ही लागतात.

डिटेक्टरची दोन दुखणी आहेत. टेस्टचं बटण दाबल्यावर होणारा आवाज फक्त भोंगा आणि सर्किट चालू असल्याचं सांगतो, सेन्सर जिवंत आहे की नाही हे सांगत नाही. सेन्सर जुना होतो, बहुतेक पाच-सात वर्षांत बदलावा लागतो, आणि सिलिकॉनचे स्प्रे किंवा खिडकीला लावायचं सिलिकॉन जवळपास वापरलं तर आधीच मरू शकतो. डबीवर तारीख असते, ती वाचावी. दुसरं दुखणं विजेचं. आमचा डिटेक्टर प्लगवर चालतो, आणि पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज जाते हे कुणाला सांगायला नको. वीज गेली की डबी झोपली. म्हणून त्या दिवशी स्वयंपाक आटोपला की मी मुख्य झडपच बंद करतो. पाइपच्या झडपेची दांडी पाइपला समांतर असली की चालू, आडवी असली की बंद. सिलेंडरवाल्यांनी रेग्युलेटरची कळ बंद करावी. वीज परत आल्यावरही सेन्सर तापायला काही मिनिटं घेतो, तेवढं थांबून मग गॅस उघडावा.

सिलेंडर बदलण्याचा क्षण सगळ्यात नाजूक. टोपी काढल्यावर आत काळं रबरी वायसर आहे का, तडकलंय का ते पाहावं. पोहोचवायला आलेल्या माणसाला तपासायला सांगावं, तो दोन मिनिटांत तपासतो. रेग्युलेटर बसवल्यावर साबणाचं पाणी सांध्यांवर, नळीच्या दोन्ही टोकांना लावावं. बुडबुडा फुगला की गळती. काडी पेटवून बघायची पद्धत आमच्या आजीपासून चालत आलेली, ती मोडून टाकावी.

आणि डिटेक्टर वाजलाच तर? आधी झडप किंवा रेग्युलेटर बंद, मग दारं-खिडक्या उघडायच्या. या गडबडीत एकही बटण दाबायचं नाही, चालू नाही आणि बंदही नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळेला पडते. एक्झॉस्टचा पंखा लावायचा मोह सगळ्यात वाईट. बाहेर, जिन्यात गेल्यावर फोन. एलपीजीसाठी १९०६, पाइपचा असेल तर बिलावरचा तातडीचा नंबर, आग दिसली तर १०१. इथपर्यंत सगळ्यांसारखंच. आपल्यासाठी वेगळं असतं ते आत परत जाणं. नाकवाला दारातून हुंगून ठरवतो. मला ठरवता येत नाही, आणि डिटेक्टर गप्प झाला म्हणजे कपाटातलाही गॅस गेला असं नाही. म्हणून समोरच्या देशपांडे काकूंना सांगून ठेवलंय: मी बेल वाजवली की आधी तुमचं नाक पाठवा. त्या हसतात, पण येतात.

धुराबद्दल एक गैरसमज होतो. पाइपचा गॅसही वर जातो आणि धूरही वर जातो, म्हणून एकच यंत्र दोन्ही ओळखेल असं वाटतं. ओळखत नाही. धुराचा अलार्म हवेतले कण पकडतो, गॅसचा डिटेक्टर वायू. धुराचा अलार्म स्वयंपाकघरात लावला तर रोज फोडणीला बोंबलतो आणि आठवड्यात कुणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवतं. तो झोपायच्या खोल्यांबाहेर, पॅसेजच्या छताला लावावा. "मिरची जळली की ठसका लागतोच, मग धूर कळेल" असं मीही म्हणायचो. ठसका आणि डोळ्यांची जळजळ वासाच्या नसेतून येत नाही, चेहऱ्याच्या संवेदनेच्या नसेतून येते, आणि ती माझी शाबूत आहे. पण ती जागेपणी, समोर दाट धूर असेल तेव्हा मदत करते. गॅसमध्ये मिसळलेल्या वासाने मला तसं काहीच झोंबत नाही. बाथरूमला गॅस गीझर असेल तर आणखी एक वेगळा अलार्म लागतो, कार्बन मोनॉक्साइडचा. त्या वायूला वास नसतो, तिथे काकूंचं नाकही निकामी.

अन्नातही अशीच गल्लत होते, आंबट आणि कुजकं यांची. आंबट जिभेला कळतं, कारण ती चव आहे. आंबलेलं वरण, नासायला लागलेलं दूध मला थेंबभर चाखून कळतं. दुधाला तर उकळी आणली की उत्तर मिळतं. कुजकेपणा, खवटपणा मात्र वासाचा असतो. खवट शेंगदाणे, जुनं तेल, दोन दिवसांची मासळी, यांत जीभ जवळजवळ काही सांगत नाही. म्हणून कूट आणि तेल मी थोडंथोडं आणतो, डब्यावर तारखेची चिकटपट्टी असते, आणि मासळी आणली त्याच दिवशी संपते. भाताचा प्रश्न निराळा. शिजवलेला भात बाहेर तासन्‌तास राहिला तर त्यात असा जिवाणू वाढतो की त्याचं विष गरम केल्यावरही जात नाही, आणि वास कुणालाच येत नाही. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला नाही तर तो टाकायचा.

डिटेक्टर आता छतापासून वीतभर खाली, शेगडीच्या थोडा बाजूला आहे. अगदी डोक्यावर लावला असता तर वाफेने आणि तेलकट धुराने खराब झाला असता. जुन्या जागी भिंतीला दोन भोकं राहिली आहेत. सून म्हणते बुजवा, मी अजून बुजवली नाहीत.