मेगाकॅरिओसाइट आणि थ्रॉम्बोपोएटिन

मेगाकॅरिओसाइट ही अस्थिमज्जेतील सर्वांत मोठी रक्तजनक पेशी असून रक्तातील प्लेटलेट, म्हणजेच रक्तबिंबिका, तिच्यापासून तयार होतात. थ्रॉम्बोपोएटिन हे मुख्यतः यकृतात तयार होणारे संप्रेरक या पेशींची संख्या, वाढ आणि परिपक्वता ठरवते. प्लेटलेटची संख्या मोजणारे कोणतेही स्वतंत्र इंद्रिय शरीरात नाही. संप्रेरक जवळजवळ ठरावीक वेगाने तयार होत राहते आणि प्लेटलेट व मेगाकॅरिओसाइट ते स्वतःच शोषून घेतात. नियंत्रणाचा बराचसा भार या साध्या व्यवस्थेवर आहे.

निरोगी प्रौढाच्या रक्तात दर मायक्रोलिटरमागे साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात आणि प्रत्येक प्लेटलेट आठ ते दहा दिवस टिकते. अडीच लाखांचा आकडा आणि पाच लिटर रक्त धरले, तर एका वेळी रक्तात सुमारे सव्वा लाख कोटी प्लेटलेट फिरत असतात. शिवाय एकूण प्लेटलेटपैकी सुमारे एक-तृतीयांश प्लीहेत साठलेल्या असतात, त्या वेगळ्याच. त्यामुळे झीज भरून काढण्यासाठी रोज १०,००० कोटींहून अधिक नव्या प्लेटलेट लागतात. एका मेगाकॅरिओसाइटपासून एक ते तीन हजार प्लेटलेट मिळतात असे मानले जाते. मज्जेतल्या केंद्रकयुक्त पेशींत मेगाकॅरिओसाइटचे प्रमाण हजारात एकापेक्षाही कमी असते, हे लक्षात घेतले की प्रत्येक पेशीवरच्या कामाचा अंदाज येतो.

या पेशीला मेगाकॅरिओसाइट हे नाव विल्यम हॉवेल यांनी १८९० मध्ये दिले. प्लेटलेट याच पेशीच्या द्रव्यापासून बनतात, हे बॉस्टनमधील विकृतिशास्त्रज्ञ जेम्स होमर राइट यांनी १९०६ मध्ये दाखवले. आपण तयार केलेल्या रंजकाने मज्जेचे काप रंगवल्यावर प्लेटलेटमधील आणि या राक्षसी पेशीतील कणांचा रंग व मांडणी सारखीच असल्याचे त्यांना दिसले, आणि पेशीची लांबट टोके रक्तवाहिनीत शिरलेलीही दिसली. आजही मज्जेचा नमुना तपासताना तंत्रज्ञ आधी कमी वर्धनाच्या भिंगाखाली काच फिरवून मेगाकॅरिओसाइट शोधतात, कारण ५० ते १०० मायक्रोमीटर व्यासाची ही पेशी त्या भिंगाखालीही ठळक दिसते. नवख्याची गल्लत बहुधा अस्थिभक्षक पेशीशी होते, कारण तीही अवाढव्य असते. फरक केंद्रकात असतो: अस्थिभक्षक पेशीत अनेक सुटी केंद्रके असतात, तर मेगाकॅरिओसाइटचे केंद्रक एकच असते, मात्र ते अनेक पालींत विभागलेले आणि गुंतागुंतीचे दिसते.

हे केंद्रक असे का होते, याचे उत्तर पेशीविभाजनाच्या एका अर्धवट प्रकारात आहे. सामान्य पेशी गुणसूत्रे दुप्पट करते, ती दोन ध्रुवांकडे ओढते आणि शेवटी मधोमध आकसून दोन पेशींत विभागते. तरुण मेगाकॅरिओसाइट पहिल्या दोन गोष्टी करते, परंतु मधली आकुंचनपट्टी पुरेशी आवळली जात नाही, पेशी दुभंगत नाही आणि दुप्पट झालेला जनुकसंच एकाच पेशीत राहतो. ही फेरी पुन:पुन्हा घडून सामान्य पेशीतील दोन संचांऐवजी ४, ८, १६, ३२ किंवा ६४ संच साठतात. माणसात १६ संचांच्या पेशी सर्वाधिक आढळतात. जनुकांच्या जास्त प्रती असल्यामुळे हजारो प्लेटलेटना पुरेल इतके प्रथिन आणि पटल एकच पेशी तयार करू शकते. याच काळात पेशीच्या आत पटलांचे एक विस्तृत जाळे उभे राहते, जे पुढे प्लेटलेटचे बाह्य आवरण म्हणून कामी येते, आणि अल्फा व घन कणिकाही भरल्या जातात. अल्फा कणिकांतले सगळे द्रव्य पेशीचे स्वतःचे नसते. फायब्रिनोजेनसारखी काही प्रथिने ती रक्तद्रवातून उचलते.

परिपक्व पेशी मज्जेतील पातळ भिंतीच्या रक्तवाहिन्यांना, म्हणजे शिरानालांना, टेकून बसते. तिच्यातून दोन ते चार मायक्रोमीटर जाडीचे लांब तंतू निघून वाहिनीच्या भिंतीतून आत शिरतात. या तंतूंना पूर्वप्लेटलेट म्हणतात आणि मधूनमधून फुगीर असलेले हे तंतू ओवलेल्या मण्यांसारखे दिसतात. तंतूला लांबी मिळते ती सूक्ष्मनलिकांमुळे. या नलिकांचे जुडगे एकमेकांवरून सरकते आणि तंतू पुढे ढकलला जातो. कणिका आणि पेशीतील इतर अंगके याच रुळांवरून टोकाकडे नेली जातात. तंतूला फाटे फुटल्याने टोकांची संख्या वाढते. रक्तप्रवाहाचा ताण तंतू तोडतो, सुटलेले मोठे तुकडे वाहिन्यांतून जाताना पुन्हा लहान होत जातात आणि शेवटी चपट्या तबकडीच्या प्लेटलेट उरतात. २००७ मध्ये उंदराच्या कवटीच्या मज्जेत ही क्रिया जिवंतपणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहता आली. त्यात पेशींतून प्लेटलेटपेक्षा बरेच मोठे तुकडे वाहिनीत सुटताना दिसले. म्हणजे प्लेटलेट मज्जेतून तयार होऊन बाहेर पडते, हे वर्णन थोडे सैल आहे. शेवटचे काम रक्तप्रवाहातच होते. काही अखंड मेगाकॅरिओसाइट प्रवाहाबरोबर फुप्फुसात पोहोचून तिथेही प्लेटलेट सोडतात. उंदरांवरील २०१७ च्या अभ्यासात हा वाटा जवळपास निम्मा निघाला. माणसातही तो तेवढाच असेल, असे त्यावरून थेट म्हणता येत नाही.

सगळे द्रव्य वाटून झाले की मागे केंद्रक आणि त्याभोवतीचा किरकोळ पेशीद्रव एवढेच उरते, आणि भक्षक पेशी ते गिळून टाकतात. प्लेटलेटमध्ये केंद्रक नसते, याचे कारण हेच.

प्लेटलेट वाढवणारा एखादा घटक रक्तद्रवात असावा, ही कल्पना जुनी. थ्रॉम्बोपोएटिन हे नाव १९५८ मध्ये हंगेरीतील केलेमेन आणि सहकाऱ्यांनी सुचवले. प्रत्यक्ष रेणू हाती येण्यास १९९४ उजाडले, आणि तोही उलट्या मार्गाने. उंदरात रक्ताचा विकार घडवणाऱ्या एका विषाणूच्या अभ्यासातून एमपीएल नावाचा ग्राही आधी सापडला होता. त्याला चिकटणारा रेणू शोधताना अनेक गटांना एकाच वर्षी थ्रॉम्बोपोएटिन मिळाले. ते एमपीएल ग्राहीला जोडले गेले की पेशीच्या आत जेएके२ हे विकर कार्यान्वित होते आणि पेशीला वाढीचा व परिपक्वतेचा संदेश मिळतो. तंतू काढून प्लेटलेट सोडण्याच्या अखेरच्या टप्प्याला मात्र या संप्रेरकाची गरज भासत नाही.

नियंत्रणाची खुबी अशी की एमपीएल ग्राही केवळ मज्जेतील पेशींवर नसून रक्तात फिरणाऱ्या प्लेटलेटवरही असतो. प्लेटलेट संप्रेरकाला जोडून आत घेतात आणि नष्ट करतात. त्या भरपूर असतील, तर मोकळे संप्रेरक थोडे उरते आणि मज्जेला मिळणारी चालना कमी होते. त्या घटल्या की संप्रेरक साचते आणि मज्जा जोरात काम करू लागते. दरम्यान यकृतातील निर्मिती फारशी बदलत नाही. याचा चांगला पुरावा उंदरांत मिळतो: थ्रॉम्बोपोएटिनच्या जनुकाच्या दोनपैकी एकच प्रत असलेल्या उंदरांत प्लेटलेटची संख्या नेहमीच्या सुमारे दोन-तृतीयांशवर स्थिरावते. तुटवडा जाणवून यकृताने उत्पादन वाढवले असते, तर ही घट भरून निघायला हवी होती. तरीही यकृत अगदी निष्क्रिय नसते. वृद्ध प्लेटलेटच्या पृष्ठभागावरील सियालिक आम्ल झडले की यकृतपेशी त्यांना ओळखून गिळतात आणि त्या क्रियेतून संप्रेरकाची निर्मिती काहीशी वाढते. दीर्घ दाहात इंटरल्युकिन-६ यकृताला अधिक संप्रेरक बनवण्यास लावते, आणि जुनाट संसर्गात वा संधिवातात प्लेटलेट वाढलेल्या दिसतात त्याचे हे एक कारण आहे.

ही व्यवस्था किती खरी ठरते, हे दोन रुग्णांच्या तुलनेने समजते. दोघांच्याही रक्तात दर मायक्रोलिटरला १०,००० प्लेटलेट आहेत, असे समजू. पहिल्याला प्रतिक्षमताजन्य प्लेटलेटन्यूनता आहे, म्हणजे त्याचे स्वतःचे प्रतिपिंड प्लेटलेटचा नाश करतात. दुसऱ्याला मज्जा रिकामी पडण्याचा, म्हणजे अप्लास्टिक अ‍ॅनिमियाचा विकार आहे. आकडा सारखा असला, तरी दुसऱ्याच्या रक्तातील थ्रॉम्बोपोएटिन नेहमीच्या अनेक पट वाढलेले असते, तर पहिल्याचे प्रायः सामान्य किंवा किंचितच अधिक असते. पहिल्याच्या मज्जेत मेगाकॅरिओसाइट पुरेशा, कधी जास्तही असतात आणि त्या संप्रेरक शोषतात. तयार झालेल्या प्लेटलेटही नष्ट होण्याआधी आपापल्या वाट्याचे संप्रेरक घेऊन जातात. दुसऱ्याच्या मज्जेत त्यांच्या जागी मेद असल्याने शोषणारे कुणीच नसते. म्हणून शरीर प्लेटलेटची संख्या मोजते असे म्हणण्यापेक्षा प्लेटलेट आणि त्यांच्या मूळ पेशी यांचा एकत्रित साठा आणि उलाढाल मोजते, असे म्हणणे अधिक बरोबर आहे. यकृताच्या सिरोसिसमध्ये घोटाळा दोन्ही बाजूंनी होतो: फुगलेली प्लीहा प्लेटलेट अडवून ठेवते आणि थकलेले यकृत संप्रेरक कमी बनवते.

पहिल्या रुग्णाच्या शरीराला तुटवडा कळतच नाही, म्हणून बाहेरून चालना देण्याचा उपाय सुचला. सुरुवातीला संप्रेरकाचाच एक कृत्रिम भाग टोचून पाहिला गेला. परंतु काही निरोगी स्वयंसेवकांत त्याविरुद्ध तयार झालेल्या प्रतिपिंडांनी त्यांचे नैसर्गिक थ्रॉम्बोपोएटिनही निकामी केले. प्लेटलेट वाढवायला घेतलेल्या औषधाने त्या खाली आणल्या आणि १९९८ मध्ये ते काम थांबवण्यात आले. २००८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली रोमिप्लोस्टिम आणि एल्ट्रोम्बोपॅग ही औषधे याच धड्यावर बेतलेली आहेत: दोन्ही एमपीएल ग्राहीला चालना देतात, पण दोन्हींची रचना नैसर्गिक संप्रेरकासारखी नाही. रोमिप्लोस्टिम टोचून देतात आणि ते संप्रेरकाच्याच जागी जोडले जाते. एल्ट्रोम्बोपॅग ही गोळी असून ती ग्राहीच्या पटलात रुतलेल्या भागाला चिकटते. दूध, दही किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतल्यास तिचे शोषण खूपच घटते, म्हणून दुग्धजन्य पदार्थांच्या निदान दोन तास आधी किंवा चार तास नंतर ती घ्यावी लागते. औषध काम करत नाही अशी तक्रार आल्यास डॉक्टर आधी हेच विचारतात. कोणत्याही औषधाने परिणाम दिसायला वेळ लागतो, कारण मज्जेतील पेशीला वाढून परिपक्व व्हावे लागते: निरोगी व्यक्तीला रोमिप्लोस्टिमची एक मात्रा दिल्यावर प्लेटलेट सुमारे पाच दिवसांनी वाढू लागतात आणि बाराव्या ते पंधराव्या दिवशी कमाल गाठतात. त्यामुळे ऐन रक्तस्रावात या औषधांवर भिस्त ठेवता येत नाही. तिथे प्लेटलेट चढवणे किंवा प्रतिपिंडांचा हल्ला रोखणे, हेच मार्ग उरतात.

संप्रेरकाची गरजच नाहीशी झाली, तर उलटा विकार होतो. जेएके२, कॅल्रेटिक्युलिन किंवा एमपीएल यांपैकी एका जनुकात बदल झाला की ग्राहीमार्ग संप्रेरकाविनाही चालू राहतो आणि प्लेटलेट साडेचार लाखांच्या पुष्कळ वर जातात. त्यातून रक्त गोठून वाहिनी बंद होण्याचा धोका वाढतो. याउलट जन्मतः एमपीएल ग्राही निकामी असलेल्या मुलांत रक्तातील थ्रॉम्बोपोएटिन अतिशय जास्त असूनही प्लेटलेट अत्यल्प असतात, आणि काही वर्षांत लाल व पांढऱ्या पेशीही घटत जातात, कारण रक्ताच्या मूळ पेशींच्या टिकावालाही हाच ग्राही लागतो. यावरून अप्लास्टिक अ‍ॅनिमियाच्या रुग्णांत एल्ट्रोम्बोपॅगने तिन्ही प्रकारच्या पेशी का वाढू शकतात हे उमगते, पण रक्तात संप्रेरक आधीच ओसंडत असताना आणखी एका चालनेने फरक का पडावा, हा प्रश्न उरतो. याचे एक स्पष्टीकरण असे की या विकारात वाढलेला इंटरफेरॉन-गॅमा संप्रेरकाला चिकटून त्याचा ग्राहीशी संबंध बिघडवतो, तर ग्राहीच्या निराळ्या भागाला जोडले जाणारे एल्ट्रोम्बोपॅग त्या अडथळ्यातून सुटते.